कर्ज काढल्याने कंपनीची किंमत वाढते, मग सगळ्या कंपन्या भरपूर कर्ज का काढत नाहीत?

१७ एप्रिल २०१९ ची रात्र. अमृतसरहून जेट एअरवेजचं एक विमान मुंबईकडे निघालं. ते जेटचं शेवटचं उड्डाण ठरलं. १९९३ मध्ये सुरू झालेली, एकेकाळी सव्वाशेच्या आसपास विमानं उडवणारी कंपनी त्या रात्री थांबली. बँकांचे आठ हजार कोटींहून जास्त रुपये अडकले, हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि तिकिटं काढून बसलेले प्रवासी रिफंडसाठी फोन लावत राहिले.

अशा बातम्या वाचल्या की एकच धडा घेतला जातो, कर्ज वाईट. सोशल मीडियावर शेअर बाजाराच्या टिप्स देणाऱ्या पोस्टमध्येही 'कंपनी पूर्ण कर्जमुक्त आहे' हे वाक्य सर्टिफिकेटसारखं वापरलं जातं.

पण गंमत अशी की फायनान्सचं कुठलंही पुस्तक उघडलं तर त्यात नेमकं उलटं लिहिलेलं सापडतं. कर्ज घेतल्याने कंपनीची किंमत वाढते. आणि हे नुसतं पुस्तकी नाही, सरळ आकडेमोड करून दाखवता येतं.

मग जेटचं काय चुकलं? आणि टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांना कुठलीही बँक आनंदाने कर्ज देईल, तरी त्या जवळजवळ कर्जाशिवाय का चालतात? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हिशोबात आहे. तो हिशोब नीट समजून घेऊ.

आधी फायदा कुठून येतो ते बघू

कंपनीच्या कमाईत तीन वाटेकरी असतात. पैसे उसने देणारी बँक, कंपनीचे मालक म्हणजे शेअरहोल्डर आणि सरकार. बँकेला व्याज मिळतं, मालकांना उरलेला नफा मिळतो आणि सरकारला कर.

यातली मेख अशी आहे की बँकेला दिलेलं व्याज हा धंद्याचा खर्च मानला जातो. कच्चा माल, पगार, वीजबिल जसं नफ्यातून वजा होतं, तसंच व्याजही वजा होतं आणि मग उरलेल्या रकमेवर कर लागतो. मालकांना दिलेला डिव्हिडंड मात्र खर्च मानला जात नाही. तो कर भरून झाल्यावर उरलेल्या पैशातून द्यावा लागतो.

म्हणजे तोच एक रुपया बँकेकडे व्याज म्हणून गेला तर कंपनीच्या पातळीवर त्यावर कर नाही. मालकाकडे डिव्हिडंड म्हणून गेला तर कर आहे.

उदाहरण घेऊ. समजा कोल्हापूरच्या एमआयडीसीत एक फाउंड्री आहे. वाहन कंपन्यांना लागणारी कास्टिंग ती बनवते. सगळा खर्च जाऊन, पण व्याज आणि कर भरण्याआधी तिला वर्षाला १० कोटी रुपये उरतात. कराचा दर सोयीसाठी २५ टक्के धरू.

फाउंड्रीवर एक रुपयाही कर्ज नसेल तर १० कोटींवर अडीच कोटी कर गेला आणि मालकांच्या हातात साडेसात कोटी आले.

आता मालकांनी ४० कोटींचं कर्ज १० टक्के व्याजाने उचललं आणि तेवढं स्वतःचं भांडवल धंद्यातून काढून घेतलं. कारखाना तोच, भट्टी तीच, ऑर्डरी त्याच. वर्षाला १० कोटीच उरतात. त्यातून ४ कोटी व्याज गेलं. उरलेल्या ६ कोटींवर दीड कोटी कर. मालकांना साडेचार कोटी मिळाले.

मालकांचा वाटा कमी झाला, कारण आता त्यांचे पैसेही कमी गुंतलेत. पण बँक आणि मालक या दोघांची बेरीज करा. ४ अधिक साडेचार, म्हणजे साडेआठ कोटी. आधी ही बेरीज साडेसात कोटी होती. एक कोटी जादा आले.

हे पैसे फाउंड्रीने कमावलेले नाहीत. सरकारला आधी अडीच कोटी मिळायचे, आता दीड कोटी मिळतात. तोच एक कोटी इकडे आला. यालाच टॅक्स शील्ड म्हणतात, म्हणजे करापासून वाचवणारी ढाल.

किंमत नेमकी किती वाढते?

हे कर्ज कायम तेवढंच राहिलं, म्हणजे जुनं फेडायचं आणि नवं घ्यायचं असं चालू राहिलं, तर दरवर्षी एक कोटी वाचत राहतील. दरवर्षी मिळणाऱ्या एक कोटीची आजची किंमत १० टक्के दराने काढली तर ती १० कोटी येते. सोपं सूत्र असं, कर्ज गुणिले कराचा दर. ४० कोटींचे २५ टक्के, १० कोटी.

कर्ज नसताना फाउंड्रीची किंमत ६० कोटी असेल, तर कागदावर ती आता ७० कोटी झाली. मालकांनी ४० कोटी काढून घेतले आणि त्यांच्याकडे उरलेल्या शेअरची किंमत ३० कोटी. बेरीज ७० कोटी.

इथे एक अट लक्षात ठेवायला हवी. हा पूर्ण फायदा कर्ज कायम राहिलं तरच मिळतो. तेच कर्ज दरवर्षी ८ कोटी याप्रमाणे पाच वर्षांत फेडून टाकलं, तर व्याज दरवर्षी कमी होत जातं आणि कराची एकूण बचत ३ कोटी होते. तिची आजची किंमत साधारण २ कोटी ४० लाख. म्हणजे 'कर्ज गुणिले कर' हे सूत्र डोळे झाकून लावलं तर फायदा फुगलेला दिसतो.

ही गोष्ट नीट मांडली फ्रँको मोदिल्यानी आणि मर्टन मिलर या दोघांनी. १९५८ मध्ये त्यांनी दाखवलं की कर नसलेल्या, अडथळे नसलेल्या बाजारात कंपनीने पैसा कर्जातून आणला की शेअरमधून, याने तिच्या किमतीत काही फरक पडत नाही. वाटेकरी बदलले म्हणून भाकरी मोठी होत नाही. १९६३ मध्ये त्यांनीच दुरुस्ती करून सांगितलं की कर हिशोबात घेतला तर फरक पडतो, आणि तो चांगलाच मोठा असतो. पुढे दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मोदिल्यानींना १९८५ मध्ये आणि मिलर यांना १९९० मध्ये.

पण या १९६३ च्या हिशोबातून एक विचित्र निष्कर्ष निघतो. प्रत्येक जादा रुपयाच्या कर्जाने किंमत वाढत असेल, तर शंभर टक्के कर्जावर चालणारी कंपनी सगळ्यात भारी ठरायला हवी. प्रत्यक्षात शहाणा माणूस असं करत नाही. का करत नाही, याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण: नफा नसेल तर ढाल कशाची?

टॅक्स शील्ड म्हणजे कर वाचवणं. पण कर वाचवायला आधी कर लागू तर व्हायला हवा.

फाउंड्रीचं एक वाईट वर्ष धरू. वाहनांची विक्री मंदावली, ऑर्डरी घटल्या आणि १० कोटींच्या जागी ३ कोटीच उरले. व्याज मात्र ठरलेलं आहे, ४ कोटी. म्हणजे एक कोटीचा तोटा. कर शून्य. कर्ज नसतं तर ३ कोटींवर ७५ लाख कर भरावा लागला असता. म्हणजे या वर्षी ढालीने एक कोटी नाही, ७५ लाखच वाचवले.

उरलेला तोटा वाया जात नाही. आयकर कायद्यानुसार धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो आणि पुढच्या नफ्यातून वजा करता येतो. पण त्यासाठी पुढे नफा व्हायला हवा, आणि चार वर्षांनी वाचणारा रुपया आज वाचणाऱ्या रुपयापेक्षा हलकाच असतो.

कर्ज जितकं वाढवत न्याल, तितकी वाईट वर्षात ढाल निकामी होण्याची शक्यता वाढते. म्हणजे सुरुवातीच्या १० कोटींच्या कर्जावरची कराची बचत जवळजवळ नक्की असते. शेवटच्या १० कोटींवरची बचत नशिबावर असते. ज्या कंपन्यांचे मागचे तोटे आधीच साचले आहेत, त्यांना तर नव्या कर्जाची ढाल जवळपास मिळतच नाही, पण कर्जाचं ओझं मात्र पूर्ण असतं.

कराचा दरही महत्त्वाचा आहे. २० सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने सवलती सोडायला तयार असलेल्या कंपन्यांसाठी कर कमी केला. मोठ्या कंपन्यांना सरचार्ज आणि सेस धरून ३४.९४ टक्के लागणारा कर २५.१७ टक्क्यांवर आला. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती वाढलेल्या नफ्याची. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. १०० रुपये व्याज दिल्यावर आधी जवळजवळ ३५ रुपये कर वाचायचा, तो आता २५ रुपये वाचू लागला. नवा दर घेणाऱ्या कंपन्यांसाठी ढाल एका झटक्यात पातळ झाली.

दुसरं आणि मोठं कारण: अडचणीचा खर्च

कंपनी बुडाली की वकील, सल्लागार, कोर्टाची फी हे सगळं येतं. हा झाला थेट खर्च. मोठ्या कंपनीच्या मानाने तो तसा मर्यादित असतो.

खरा खर्च त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. कंपनी बुडायची गरजच नसते. 'ही कंपनी बहुतेक अडचणीत आहे' एवढी कुजबुज पुरते.

आपल्या फाउंड्रीचंच बघा. तिला भंगार आणि पिग आयर्न ६० दिवसांच्या उधारीवर मिळतं. समजा ही उधारी कायम ४ कोटींच्या घरात असते. बँकेचा एक हप्ता चुकला आणि ही गोष्ट बाजारात पसरली. व्यापारी म्हणतात, आता आधी पैसे, मग माल. म्हणजे ज्या महिन्यात हातात रोकड नाही, नेमक्या त्याच महिन्यात ४ कोटी रोख उभे करायची वेळ आली.

पलीकडे वाहन कंपनीचा खरेदी अधिकारी विचार करतो, हा कारखाना बंद पडला तर आपली असेंब्ली लाइन थांबेल. तो गुपचूप दुसऱ्या फाउंड्रीकडे त्याच पार्टचा साचा तयार करायला देतो. तिकडचे नमुने पास झाले की निम्मी ऑर्डर तिकडे जाते, आणि एकदा गेलेली ऑर्डर सहसा परत येत नाही. चांगला मेल्टिंग सुपरवायझर शेजारच्या कारखान्यात नोकरी धरतो. भट्टीची दुरुस्ती पुढे ढकलली जाते, मग रिजेक्शन वाढतं.

यातली कुठलीच गोष्ट भट्टी बिघडल्यामुळे किंवा माणसं अकुशल असल्यामुळे घडलेली नाही. ती फक्त कर्जामुळे घडली. हाच तो अडचणीचा खर्च.

आता दोन्ही बाजू तराजूत टाकू. समजा अशी वेळ आली तर फाउंड्रीची २५ कोटींची किंमत अशा पद्धतीने वाया जाईल. अशी वेळ येण्याची शक्यता कर्जावर अवलंबून आहे. पुढच्या शक्यता हिशोब समजावा म्हणून धरलेल्या आहेत.

कर्ज २० कोटी असेल तर ढालीचा फायदा ५ कोटी. अडचणीची शक्यता अगदी कमी, २ टक्के. २५ कोटींचे २ टक्के म्हणजे ५० लाखांचा भार. निव्वळ फायदा साडेचार कोटी.

कर्ज ४० कोटी केलं तर ढाल १० कोटींची. शक्यता १० टक्के, म्हणजे भार अडीच कोटी. निव्वळ फायदा साडेसात कोटी. इथपर्यंत कर्ज वाढवणं परवडलं.

कर्ज ६० कोटींवर नेलं तर सूत्राने ढाल १५ कोटींची व्हायला हवी, पण वाईट वर्षांत ती पूर्ण कामाला येणार नाही, म्हणून १३ कोटी धरू. शक्यता ३५ टक्क्यांवर गेली, म्हणजे भार पावणेनऊ कोटी. निव्वळ फायदा सव्वाचार कोटी. २० कोटींच्या कर्जापेक्षाही कमी.

म्हणजे कर्ज वाढवत जाताना किंमत आधी चढते, एका जागी थांबते आणि मग उतरू लागते. शहाणपणाचं कर्ज त्या माथ्याच्या आसपास असतं. आणि म्हणूनच मघाशी कागदावर आलेली ७० कोटींची किंमत खरी नाही. ४० कोटींच्या कर्जावर ती साडेसदुसष्ट कोटींच्या जवळ आहे.

इथे कोणी म्हणेल, बुडाली तर बँक बुडेल, मालकाचं काय जातं? पण बँकेलाही हा हिशोब येतो. ती आधीच व्याज जास्त लावते, जादा तारण मागते, मालकाची वैयक्तिक हमी घेते. त्यामुळे उद्याच्या संभाव्य अडचणीचा बराचसा खर्च मालक आजच भरत असतो.

जेटच्या बाबतीत हे कसं घडलं?

आता पुन्हा जेटकडे येऊ. एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी की जेटचा तोटा फक्त कर्जामुळे झाला नाही. २००७ मध्ये एअर सहारा १,४५० कोटी रुपयांना विकत घेतली, तिचं ओझं होतं. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांशी स्पर्धा होती. २०१८ मध्ये विमानाचं इंधन महागलं आणि रुपयाही घसरला. हे सगळं कर्ज नसतं तरी झालंच असतं. त्याला अडचणीचा खर्च म्हणता येत नाही, तो धंद्याचा तोटा.

अडचणीचा खर्च त्याच्यानंतर सुरू झाला, आणि तो फार वेगाने वाढला.

३१ डिसेंबर २०१८ ला जेटचा स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँकांना द्यायचा हप्ता चुकला. लगेच इक्रा या रेटिंग संस्थेने कंपनीचं रेटिंग थेट 'डी'वर आणलं. 'डी' म्हणजे डिफॉल्ट. त्या दिवसापासून जेटच्या अडचणीची खात्रीच सगळ्यांना झाली.

जेटची बरीचशी विमानं भाड्याची होती. भाडंही थकलं होतं. मग भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी विमानं जमिनीवर उभी करायला लावली आणि पुढे परत न्यायला सुरुवात केली. विमान उभं राहिलं की फेरी रद्द होते. फेरी रद्द झाली की तिकिटाचे पैसे येत नाहीत. पैसे नाहीत म्हणून पुढचं भाडं थकतं.

प्रवाशांनीही आपापला हिशोब केला. विमानाचं तिकीट महिना-दोन महिने आधी काढलं जातं. म्हणजे प्रवासी एका अर्थाने कंपनीला बिनव्याजी उधार देत असतो. उद्या विमान उडेल की नाही याचीच शंका असेल तर कोण आगाऊ पैसे देईल? विमान कंपनीसाठी हा रोख पैशाचा मोठा झरा असतो. तो आटला.

वैमानिकांचे पगार थकले. प्रशिक्षित वैमानिकाला दुसरीकडे नोकरी मिळायला वेळ लागत नाही. अनेकजण प्रतिस्पर्धी कंपन्यांत गेले. एप्रिल २०१९ मध्ये एका युरोपीय कार्गो कंपनीच्या थकबाकीपायी जेटचं बोइंग ७७७ विमान ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर जप्त झालं.

मार्चमध्ये नरेश गोयल संचालक मंडळावरून बाजूला झाले होते आणि बँकांनी १,५०० कोटींची मदत देण्याची योजना आखली होती. पण तो पैसा वेळेत पूर्ण आला नाही. बँकांचीही अडचण समजण्यासारखी होती. विमानं जात असताना, प्रवासी थांबले असताना आणखी पैसे ओतायचे तर ते परत येतील याची हमी काय? कर्जाच्या ओझ्याखालच्या कंपनीत नवा पैसा घालायला कोणीच पुढे येत नाही, कारण त्या पैशाचा पहिला फायदा जुन्या देणेकऱ्यांना होतो. अडचणीचा हाही एक खर्च आहे.

डिसेंबरअखेर हप्ता चुकला आणि एप्रिलच्या मध्यात कंपनी थांबली. साडेतीन महिने लागले.

आणि मग उरलं काय?

उड्डाणं थांबल्यावर मुंबई आणि दिल्ली विमानतळांवरच्या जेटच्या वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात, त्या सरकारने तात्पुरत्या म्हणून दुसऱ्या कंपन्यांना वाटल्या. मुंबईसारख्या गच्च भरलेल्या विमानतळावर सकाळचा स्लॉट म्हणजे सोनं. पण तो जेटच्या मालकीचा नव्हता, वापरण्यापुरता होता. भाड्याची काही विमानंही रंग बदलून स्पाइसजेटकडून उडू लागली.

जून २०१९ मध्ये मामला दिवाळखोरी कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे गेला. २०२१ मध्ये जालान-कालरॉक या खरेदीदारांची योजना मंजूर झाली, पण प्रवासी विमानसेवा पुन्हा सुरू झाली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. कायद्याने अशा प्रक्रियेला जास्तीत जास्त ३३० दिवस ठरवून दिले आहेत. इथे पाच वर्षं उलटून गेली.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. भूषण स्टील. तीही कर्जाखाली दबली होती, बँकांचे दावे साधारण ५६ हजार कोटींचे होते. २०१७ मध्ये ती दिवाळखोरी कायद्याखाली गेली. पण ओडिशातला कारखाना चालू राहिला, पोलाद निघत राहिलं. मे २०१८ मध्ये टाटा स्टीलने ती घेतली आणि बँकांना सुमारे ३५,२०० कोटी रुपये मिळाले. म्हणजे रुपयामागे त्रेसष्ट पैसे.

दोन्ही कंपन्या कर्जात होत्या. फरक हा की पोलादाच्या कारखान्याचा मालक बदलला तरी भट्टी तिथेच असते. विमान कंपनीची खरी संपत्ती म्हणजे स्लॉट, वैमानिक, वेळापत्रक आणि प्रवाशांचा विश्वास. शंका आल्याबरोबर हे सगळं उठून दुसरीकडे जातं. तारण म्हणून ठेवायला मागे फारसं उरत नाही.

मग कोणी किती कर्ज घ्यावं?

आता टीसीएस आणि इन्फोसिसचं कोडंही सुटतं. त्या भरपूर नफा कमावतात, भरपूर कर भरतात. ढालीच्या हिशोबाने त्यांनी हजारो कोटींचं कर्ज काढायला हवं. पण त्यांची संपत्ती संध्याकाळी ऑफिसमधून घरी जाते. परदेशातली बँक आपली संगणक व्यवस्था दहा वर्षांसाठी त्यांच्या हाती देते, ती कंपनी दहा वर्षं टिकेल या भरवशावर. तिथे थोडीशी शंकाही फार महाग पडेल. कर वाचवून मिळणारा फायदा त्यापुढे किरकोळ आहे.

उलट टोकाला पॉवर ग्रिडसारखी वीज वाहून नेणारी कंपनी बघा. तिचे मनोरे आणि तारा कुठे पळून जात नाहीत. वीज वाहून नेण्याचा दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्या नियमांत प्रकल्पाच्या खर्चात ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल असं प्रमाणच गृहीत धरलेलं आहे. तेच ७० टक्के कर्ज एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीवर असतं तर तिचे ग्राहक केव्हाच दुसरीकडे गेले असते.

त्यामुळे 'या कंपनीवर किती कर्ज आहे' हा प्रश्न अपुरा आहे. एखाद्या कंपनीत पैसे गुंतवताना किंवा तिच्यात नोकरी धरताना चार गोष्टी बघता येतात.

एक, व्याज आणि कर देण्याआधीचा नफा व्याजाच्या किती पट आहे. आपल्या फाउंड्रीत चांगल्या वर्षी १० कोटींना ४ कोटी व्याज, म्हणजे अडीच पट. वाईट वर्षी ३ कोटींना ४ कोटी, म्हणजे पाऊण पट. हा आकडा एकच्या खाली गेला की धंद्याच्या कमाईतून व्याजही निघत नाही. हा आकडा नेहमी वाईट वर्षाचा बघावा. चांगल्या वर्षात सगळ्यांचाच बरा दिसतो.

दोन, कमाई किती हलते. नफा दरवर्षी साधारण तेवढाच असेल तर जास्त कर्ज पेलतं. इंधन, डॉलर किंवा मागणीबरोबर वर-खाली होत असेल तर थोडं कर्जही जड होतं.

तीन, कंपनी खरोखर कर भरते का. भरत नसेल तर 'कर वाचवायला कर्ज घेतलं' या म्हणण्यात दम नाही.

चार, अडचणीची आधीची चिन्हं. रेटिंग एकापाठोपाठ एक खाली येणं, निकाल जाहीर करायला उशीर होणं, पगार पुढे ढकलले जाणं. जेटने ऑगस्ट २०१८ मध्येच तिमाही निकाल लांबणीवर टाकले होते, हप्ता चुकण्याच्या चार महिने आधी. २०२० पासून सेबीच्या नियमानुसार शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीने बँकेचा हप्ता ३० दिवसांहून जास्त थकवला तर तिला ते बाजाराला कळवावं लागतं. ही माहिती शेअर बाजारांच्या वेबसाइटवर कोणालाही फुकट बघता येते. पण ती सूचना येईपर्यंत पुरवठादारांनी उधारी बंद केलेली असते, म्हणून आधीची तीन चिन्हं जास्त कामाची.

'कर्जमुक्त कंपनी' अशी पोस्ट पुन्हा समोर आली, तर ती कंपनी नेमका कसला धंदा करते हे आधी बघा. सॉफ्टवेअरचा धंदा असेल तर ते शहाणपण आहे. पण पक्की कमाई आणि मजबूत मालमत्ता असलेली कंपनी एक रुपयाचंही कर्ज घेत नसेल, तर ती दरवर्षी वाचवता आला असता असा कर सरकारला भरते आहे. तो पैसा तिच्या शेअरहोल्डरच्या खिशातून जातो.